भर पावसात मकरंदगड: परत फिरायचं कधी, हे आधी कसं ठरवायचं? (आणि जळवांचं काय?)

मृदगंध_पुणे

नमस्कार मंडळी. येत्या शनिवारी आम्ही नऊ जण मधु-मकरंदगडाला जायचं म्हणतोय. ऑफिसातले सात, माझा नवरा धरून, आणि माझा तेरा वर्षांचा भाचा. चौघांनी पावसात राजमाची आणि लोहगड केलाय, बाकीचे पहिल्यांदाच. आधी वासोटा डोक्यात होता, पण पावसाळ्यात बामणोलीच्या बोटी बंद असतात.

बेत असा आहे. शुक्रवारी रात्री महाबळेश्वरला मुक्काम. पहाटे आंबेनळी घाटाने खाली उतरून पार फाट्यावरून पारला, तिथून हातलोट. हातलोटहून चढून घोणसपूर, पुढे गडमाथ्यावरचं मल्लिकार्जुनाचं देऊळ आणि त्याच वाटेने परत.

मागच्या वर्षी दुसऱ्या एका गटाबरोबर गेले होते, तिथला अनुभव फार वाईट होता. परतायचं कधी यावर ओढ्याकाठी उभं राहून अर्धा तास भांडण झालं. अर्धे म्हणाले "इतके आलोय तर जाऊ", अर्धे म्हणाले "नको". आणि त्या अर्ध्या तासात पाणी वाढतच होतं. यंदा मला हे नियम घरीच कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्यायच्यात. तर असे नियम तुम्ही कसे ठरवता? पाऊस किती, वेळ काय, पाणी कुठवर? आणि जळवांसाठी नक्की काय चालतं? प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

---

पायवाट

सह्या घ्यायची कल्पना आवडली. वाचतोय.

---

घाटमाथा७७

सोपं आहे. शुक्रवारी संध्याकाळी हवामान खात्याचा रंग बघायचा. पिवळा असेल तर बिनधास्त जा, नारिंगी असेल तर रद्द. आम्ही दहा वर्षं हेच करतो. जळवांना मीठ. एक किलोचा पुडा घ्या, विषय संपला.

---

धावपटू_सातारा

परत फिरायची वेळ म्हणजे कट-ऑफच ना? आमच्या सातारा हिल मॅरेथॉनला असतो तसा. मग सराव असा करा, आठवड्यातून दोनदा यवतेश्वरचा घाट...

---

मृदगंध_पुणे

@धावपटू_सातारा, नाही हो, शर्यतीचा नाही. हवा बिघडली की कुठल्या क्षणी मागे वळायचं, त्याबद्दल विचारतेय. सरावाचा सल्ला मात्र घेते, भाच्याला टेकडी चढायला लावलंय.

---

कातळवाट

@मृदगंध_पुणे, प्रश्न बरोबर जागी विचारलात. पंचवीस एक वर्षं पावसात लोकांना घेऊन जातोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी @घाटमाथा७७ यांच्या रंगांबद्दल. पिवळा म्हणजे "बिनधास्त जा" नव्हे, त्याचा अर्थ "लक्ष ठेवा" असा आहे. नारिंगी म्हणजे "तयार राहा", लाल म्हणजे "कृती करा". दुसरं असं की साताऱ्याचा इशारा बघताना कुठला सातारा ते बघा. फलटण-माण कोरडे असतात तेव्हा महाबळेश्वरला धो धो चाललेला असतो. म्हणून हल्ली खातं साताऱ्याच्या घाट भागासाठी वेगळा इशारा देतं. तुम्हाला बघायचाय तो घाटाचा. जिल्हा पिवळा आणि घाट नारिंगी असं मी अनेकदा पाहिलंय.

इशारा हा अंदाज झाला. झालेल्या पावसाचा आकडा त्याहून कामाचा. महाबळेश्वरचा आकडा रोज निघतो आणि तो सकाळी साडेआठ ते साडेआठ असा चोवीस तासांचा असतो. शनिवारच्या तारखेवर छापलेला आकडा म्हणजे बहुतेक शुक्रवारचा पाऊस. हे न कळल्यामुळे लोक एक दिवस चुकतात. डोंगर आधीच भिजून गच्च झाला असेल तर नंतरचा साधा पाऊसही जिरत नाही, सगळा ओढ्यात उतरतो. म्हणून मी एक दिवस बघत नाही, मागचे तीन दिवस बघतो.

आता मुख्य गोष्ट. लोक पुढच्या चढाला घाबरतात. पावसाळ्यात माणूस अडकतो तो मागे टाकलेल्या ओढ्यामुळे. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून हसत गेलात, वर तीन तास काढलेत, परत आलात तेव्हा तोच ओढा मांडीपर्यंत. गाव समोर दिसतंय आणि जाता येत नाही. त्यामुळे तुमचा परतीचा नियम गडावर नव्हे, पहिल्या ओढ्यावर बांधा.

तो बांधतात असा. ओढ्याशी पोचलात की पाण्याच्या कडेचा एक ठसठशीत दगड निवडा, ज्याचा माथा पाण्याच्या वीतभर वर आहे असा. फोटो काढा, वेळ लिहा. मग दहा मिनिटं तिथेच थांबा, पाणी प्या, बूट आवळा. दहा मिनिटांत पाणी दोन बोटं जरी चढलं, तरी ओलांडायचं नाही. स्थिर असेल आणि गुडघ्याच्या खाली असेल तरच जायचं. पुढे दर तासाला स्वतःला विचारायचं, "गेल्या तासात सलग जोराचा पाऊस किती झाला?" अर्ध्या तासाहून जास्त झाला असेल, तर कुठेही असा, वळायचं.

---

भटकभवानी

@कातळवाट, दगडाची युक्ती भारी! पण पाऊस आपल्या डोक्यावर नसून वर माथ्यावर पडत असेल तर? आम्हाला कोरडं आणि ओढ्याला पूर, असं झालंय.

---

कातळवाट

अगदी बरोबर, आणि सगळ्यात फसवं तेच. तेव्हा पाण्याकडेच बघायचं. आधी रंग बदलतो, स्वच्छ पाणी चहासारखं होतं. मग पालापाचोळा, काटक्या वाहत येतात. मग आवाज बदलतो. खळखळ जाऊन घुमल्यासारखा येतो आणि मध्येच तळाचे धोंडे एकमेकांवर आपटल्याचा ठक ठक आवाज. तो ऐकू आला की चर्चा नको, काठापासून वर सरकायचं.

याच्या उलटही लक्षात ठेवा. जोराचा पाऊस चालू आहे आणि ओढ्याचं पाणी अचानक कमी झालं, तर खूश होऊ नका. वर कुठे दरड किंवा झाड पडून पाणी अडलेलं असू शकतं. ते फुटलं की एकदम येतं.

एक दिलासाही आहे. हे ओढे लहान पाणलोटाचे असतात. जसे भराभर चढतात तसे पाऊस थांबल्यावर तास-दोन तासांत उतरतातही. म्हणून अडकलात तर ओलांडायच्या फंदात पडू नका. सुरक्षित बाजूला उंचावर बसून वाट बघा. त्यासाठी कोरडे कपडे, प्लास्टिकचा कागद आणि जादाचं खाणं पाठीवर हवंच.

---

घाटमाथा७७

मान्य, घाटाचा वेगळा इशारा मला माहीत नव्हता. पण काका, आम्ही नेहमी तीस मीटर दोर नेतो. पाणी जास्त असलं की पहिला कमरेला बांधून जातो, मग बाकीचे धरून. त्यात काय धोका?

---

कातळवाट

@घाटमाथा७७, कृपा करून कमरेला दोर बांधून पाण्यात कुणालाही पाठवू नका. पाय घसरला की प्रवाह माणसाला खाली ओढतो, दोर वर ओढतो, आणि तो पाण्याखाली दाबला जातो. वरचे जितके जोरात ओढतील तितका तो आत जातो. दोराने ओढा पार करण्याचं तंत्र शिकलेले लोक असतात, सुटणारी गाठ आणि खालच्या अंगाला झेल धरणारी माणसं ठेवून ते करतात. आपण नऊ जणांनी नायलॉनच्या दोरीवर ते करायचं नाही. दोर लागेल असं वाटलं, तर तोच परत फिरायचा इशारा समजा.

ओलांडायचंच असेल ते गुडघ्याखालचं पाणी. बूट पायात, सॅकचा कमरेचा पट्टा सोडलेला, तोंड प्रवाहाकडे, हातात काठी, एका वेळी एकच पाय. आणि ओलांडण्याआधी खालच्या बाजूला चालत जाऊन बघायचं, पडलो तर कुठे जाऊ? पन्नास पावलांवर धबधब्याची कड असेल तर घोट्याएवढं पाणीही नको.

---

आंबोलीकर

जळवांचं मी सांगतो, आमच्याकडे जून ते सप्टेंबर त्या घरच्याच माणसांसारख्या असतात. मिठाचा पुडा घेऊन काय करणार? पावसात पायावर चोळलेलं मीठ पाच मिनिटांत धुऊन जातं. आमच्याकडची जुनी रीत म्हणजे काठीच्या टोकाला फडक्यात मिठाची पुरचुंडी बांधायची. जळू चढताना दिसली की पुरचुंडी टेकवायची, गळून पडते. वाकावं लागत नाही, चालणं थांबत नाही.

दुसरं म्हणजे तंबाखू. रात्री पाण्यात भिजत घालायची, ते पाणी मोज्यांवर मारायचं. गुरांमागे जाणारी माणसं हेच करतात.

आणि चालताना मध्ये थांबू नका. पहिला माणूस जातो तेव्हा त्या जाग्या होतात, मागच्यांना धरतात. सगळ्यात मागे राहणाऱ्याला जास्त लागतात, आमच्या गावात हे शेंबडं पोरही सांगेल.

---

भटकभवानी

म्हणजे नवऱ्याला मागे ठेवायचं. ठरलं. :)

---

रानजाई

माझा अनुभव सांगते, विषयाशी थोडा फटकून आहे पण सांगावासा वाटतो. माझ्या मिस्टरांना स्टेंट बसवल्यापासून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत. दोन वर्षांपूर्वी कोयनेच्या बाजूला साध्या फिरायला गेलो होतो, ट्रेक वगैरे नव्हे. दोन जळवा लागल्या. काढल्या, पुसलं, गाडीत बसलो. रात्री मुक्कामी मोजे काढले तर मोजा पिळण्याइतका भिजलेला. पहाटेपर्यंत थेंब थेंब चालूच होतं. मी इतकी घाबरले होते की काय सांगू. आम्हाला कुणी आधी बोललंच नव्हतं. नऊ जणांत कुणाला अशी गोळी चालू आहे का, हे आधी विचारा.

---

निशिगंध

@रानजाई, फार महत्त्वाचं लिहिलंत. मी डॉक्टर आहे, म्हणून थोडी भर घालते. जळू चावताना रक्त गोठू न देणारा पदार्थ आत सोडते. म्हणून धडधाकट माणसाचंही रक्त काही तास पाझरत राहू शकतं, आणि तेवढ्याने घाबरायचं कारण नसतं. साबणाने धुऊन स्वच्छ कापडाने दहा-पंधरा मिनिटं सलग दाबून धरायचं. दर मिनिटाला उचलून बघायचं नाही. गोळ्या चालू असणाऱ्यांना मात्र ते बराच काळ थांबत नाही. त्यांनी निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं, आणि ट्रेकसाठी गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये.

काढायची कशी? जळूचं बारीक टोक म्हणजे तोंड. तिथे नख आडवं ठेवून कातडीला घासत बाजूला सरकवायचं, सुटतं. मग लगेच जाड टोक तसंच सोडवायचं आणि झटकून टाकायचं. काडी पेटवून चटका देणं किंवा वरून मीठ ओतणं मी टाळते. लागलेली जळू अशी डिवचली तर पोटातलं जखमेत ओकू शकते आणि जखम चिघळायची शक्यता वाढते. @आंबोलीकर यांची पुरचुंडी अजून न चिकटलेल्या जळूसाठी छानच आहे, फरक तेवढाच.

तंबाखूच्या पाण्याबद्दल सावध करते. ओल्या कातडीतून निकोटीन अंगात जातं. मळमळ, चक्कर येऊ शकते. मुलाला तर अजिबात नको. मोठ्यांनी वापरायचंच तर बुटाच्या आणि वरच्या मोज्याच्या बाहेरून, अंगाला लागेल असं नाही.

---

आंबोलीकर

डॉक्टर, आमचे आजोबा साठ वर्षं मीठच लावत आले हो, जखम कधी चिघळली नाही. पण पोरांना तंबाखू नको हे पटलं. ते आम्हीही करत नाही.

---

पायवाट

लीच सॉक्स कुणी वापरलेत का? पैसे वाया जातात असं ऐकलंय.

---

भटकभवानी

मी वापरते, चार पावसाळे झाले. घट्ट विणीच्या सुती कापडाचे, गुडघ्यापर्यंत येणारे, वरून नाडी. नेहमीचा मोजा आधी, त्यावर हा, पँट याच्या आत खोचायची, मग बूट. साध्या लोकरी मोज्याच्या विणीतून बारीक जळू आरामात आत जाते, यातून जात नाही. फिक्या रंगाचे घ्या म्हणजे चढणारी दिसते. गुडघ्याच्या वरती मात्र तुमचं तुम्ही बघायचं. एकदा नाडीवरून चढून मांडीवर पोचलेली सापडली होती.

आणि दर वीस मिनिटांनी उघड्या कातळावर थांबून एकमेकांच्या पोटऱ्या, मानेची मागची बाजू बघायची. गवतात किंवा पाल्यात थांबून बघत बसलात तर एक काढेपर्यंत चार चढतात.

---

घाटमाथा७७

राजमाची, लोहगड, हरिश्चंद्रगडाला जळवा नसतात. त्यामुळे तिकडेच जा, कटकट नाही.

---

कातळवाट

उत्तरेकडे खूपच कमी हे खरं, आणि महाबळेश्वर-कोयना-चांदोली-आंबोली असं दक्षिणेला जाल तशा वाढतात. "नसतातच" असं मी म्हणणार नाही.

---

पायवाट

हरिश्चंद्रगडाला पाचनईच्या वाटेवर मला लागलीय. फोटो आहे.

---

घाटमाथा७७

फोटोतली जळू कुठल्या गावची ते कसं कळणार. :)

---

वडाचीसावली

धागा चांगला चाललाय, पण मला मुळातच एक आक्षेप आहे. तेरा वर्षांचा मुलगा आणि पाच नवखे घेऊन ऑगस्टमध्ये जावळीच्या खोऱ्यात कशाला? २२ जुलै २०२१ ला तळिये गेलं, पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिमी पाऊस झाला होता. २०१४ ला माळीण, २०२३ ला इर्शाळवाडी. ही सगळी गावं होती, माणसं आपल्याच गावात होती. जिथे गावं राहत नाहीत तिथे हौसेला जायचं का? ऑक्टोबरात जा, गड तोच आहे.

---

कातळवाट

@वडाचीसावली, तुमच्या आक्षेपाला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. तीन दिवस सलग मोठा पाऊस झाला असेल तर तीव्र उताराखाली थांबूच नये, हे माझं मत. तिथला माझा नियम साधा आहे. जमिनीला नवी भेग, वाकलेली झाडं किंवा खांब, जिथे झरा नव्हता तिथून गढूळ पाणी, यातलं एक जरी दिसलं तरी लगेच मागे फिरून गावात कळवायचं. दरड कोसळण्याआधी ही लक्षणं दर वेळी दिसतातच असं मात्र नाही.

---

भटकभवानी

पण आकडा काय धरायचा? "तीन दिवस मोठा पाऊस" म्हणजे किती?

---

कातळवाट

माझा स्वतःचा आकडा असा. महाबळेश्वरला आदल्या चोवीस तासांत १०० मिमीच्या वर असेल तर ओढे असलेल्या वाटेला जात नाही. खातं ६४.५ च्या वर जोरदार आणि ११५.६ च्या वर अतिजोरदार धरतं, त्याच्या मध्ये कुठेतरी मी थांबलोय. शास्त्र म्हणून सांगत नाही, सवयीने बसलेला आकडा आहे.

---

घाटमाथा७७

महाबळेश्वरला जुलै-ऑगस्टमध्ये १०० मिमी म्हणजे नेहमीचाच दिवस आहे काका! असं धरलं तर जायलाच नको.

---

कातळवाट

बऱ्याच शनिवारी जात नाहीच. गेल्या पावसाळ्यात ठरवलेल्या सहापैकी तीन रद्द केले.

---

वडाचीसावली

हे वाचून बरं वाटलं.

---

धावपटू_सातारा

आता विषय नीट कळला. वेळेबद्दल मात्र शर्यतीचं गणित खरंच उपयोगी पडेल. शेवटापासून मागे मोजा. ऑगस्टमध्ये सूर्य सातच्या सुमाराला मावळतो, पण ढग आणि झाडी असताना रानात साडेसहालाच दिसेनासं होतं. हाताशी दोन तास ठेवा, म्हणजे साडेचारला हातलोट. ओल्या वाटेवर उतरायला चढण्याइतकाच वेळ लागतो, तुमच्या गटाला तीन तास धरा. घोणसपूरला खायला अर्धा तास. म्हणजे माथ्यावरच्या देवळातून एक वाजता निघायचं. त्याआधी टेकायला अर्धा तास हवा, म्हणून साडेबाराला देवळात पोचला नसाल तर जिथे असाल तिथून वळा. अधली खूण म्हणून साडेदहाला घोणसपूर.

---

कातळवाट

@धावपटू_सातारा, अगदी चोख. फक्त उलटं गणित मांडताना सगळ्यात हळू चालणाऱ्याचा वेग धरा, सरासरी नको. आणि घोणसपूरच्या वरचा शेवटचा टप्पा गवताळ, उभा आणि निसरडा आहे. धुक्यात दहा पावलांपुढचं दिसत नसेल तर घोणसपूरच्या देवळात बसून चहा प्या आणि तिथूनच उतरा. वेळ असली तरी.

---

भटकभवानी

विजेचं कुणी बोललं नाही. दामिनी ॲप ठेवा.

---

घाटमाथा७७

भर पावसाळ्यात वीज नसतेच, ती फक्त मे महिन्यात.

---

कातळवाट

निम्मं खरं आहे. जुलै-ऑगस्टच्या संततधारेत कमी असते. मान्सून यायच्या आधी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात परतताना दुपारनंतर भरपूर. तेव्हा ॲप ठेवावंच, पण वरती नेटवर्क मिळेल असं धरू नका. वीज दिसल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर माथा सोडून खाली.

नेटवर्कवरून आठवलं. निघताना घरच्या एका माणसाला वाट, गाडीचा नंबर आणि एक वेळ देऊन जा. "सहापर्यंत फोन आला नाही तर हातलोटला फोन कर, साडेसातपर्यंत पत्ता नाही तर ११२." महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा नंबरही त्या माणसाकडे लिहून ठेवा. अडकलेल्यांकडे फोन नसतो, म्हणून हाक घरून जायला हवी.

आणि आदल्या दिवशी हातलोटला कुणाशी तरी बोला. जिल्हाधिकाऱ्यांचा बंदीचा आदेश आहे का, आंबेनळी घाट चालू आहे का, ओढ्याला पाणी किती, हे तिथला माणूस एका वाक्यात सांगतो. वाटाड्या तिथलाच घ्या. तो "आज नको" म्हणाला तर नको.

---

रानजाई

हे शेवटचं वाक्य कागदावर सगळ्यात वर लिहा.

---

मृदगंध_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. कागद तयार केलाय, पाचच ओळी आहेत. घाटाचा इशारा नारिंगी किंवा आदल्या दिवशी १०० च्या वर, तर पुण्यातूनच रद्द. वाटाड्या नको म्हणाला तर नको. दगड दहा मिनिटांत दोन बोटं बुडाला तर वळायचं. साडेदहा घोणसपूर, साडेबारा देऊळ. नऊपैकी एकाने जरी "परत" म्हटलं तरी परत, कारण विचारायचं नाही. गटात एकाला रक्ताची गोळी चालू आहे हे विचारल्यावर कळलं, तो महाबळेश्वरलाच थांबणार आहे.

---

मृदगंध_पुणे

(रविवार, रात्री)

जाऊन आलो, म्हणजे अर्धे जाऊन आलो.

शुक्रवारचा आकडा ५८ होता, घाटाला पिवळा. गावातले दादा बरोबर यायला तयार झाले, पण म्हणाले, "रात्री वर चांगला झालाय, ओढा बघून ठरवू." पावणेआठला पहिल्या ओढ्याशी पोचलो. नडगीच्या मध्यापर्यंत पाणी, स्वच्छ. भाच्याने दगड निवडला, पांढरी रेघ असलेला. दहा मिनिटांत काही हललं नाही. ओलांडला.

घोणसपूरला पोचलो दहा वीसला, म्हणजे वेळेत. देवळात पोहे खाल्ले, जळवा मोजल्या. नऊ जण होतो, कारण थांबलेल्याच्या जागी दादा होते, आणि एकूण बावीस निघाल्या. लीच सॉक्स घातलेल्या पाच जणांना मिळून तीनच, त्याही गुडघ्याच्या वर. भाच्याला एक लागली, त्याने नखाने स्वतः काढली आणि सगळ्यांना दाखवत फिरला.

मग पाऊस लागला. सलग वीस-पंचवीस मिनिटं, असा की देवळाच्या पन्हाळीची धार अंगणाच्या मध्यापर्यंत जात होती. थांबला. ऊन पडेल असं वाटलं. समोर माथा मोकळा दिसत होता, दोघे तिघे सॅक चढवून उभेही राहिले. अर्धा तास झाला नव्हता, म्हणजे नियमाने जाता आलं असतं. तेव्हा ऑफिसमधली सगळ्यात नवखी मुलगी हळूच म्हणाली, "परत." कुणी कारण विचारलं नाही, पण दोघांचे चेहरे पडले हे खरं.

ओढ्याशी बाराला पोचलो. पांढऱ्या रेघेचा दगड दिसतच नव्हता. पाणी चहाच्या रंगाचं, गुडघ्याच्या वर. दादांनी काठावर बसायला सांगितलं. पाऊण तासाने दगडाचा माथा दिसला, दीड वाजता रेघ दिसली. मग एकेक करून आलो. माथ्यावर गेलो असतो तर काय झालं असतं, यावर गाडीत पुण्यापर्यंत चर्चा चालू होती. दोघांचं अजून म्हणणं आहे की तेवढ्या वेळात पाणी उतरलंच असतं.

---

कातळवाट

त्या दोघांचं कदाचित खरंही असेल. वर दुसरी सर आली नसती तर. त्या मुलीला माझा नमस्कार सांगा.

---

आंबोलीकर

बावीस म्हणजे काहीच नाही. आंबोलीला या, शंभर दाखवतो. पुरचुंडी नेली होती का?

---

मृदगंध_पुणे

नेली होती. मीठ ओढ्यात विरघळलं, फडकं उरलं. पुढच्या वेळी ती पिशवीत घालून कशी बांधायची ते सांगा.

---

आंबोलीकर

बारीक मीठ नको, खडेमीठ घ्यायचं. फडकं दुहेरी. पाणी ओलांडताना काठी उलटी धरायची, पुरचुंडी वर.